आधी आपलं नाव आपणच सांगायचं

आईला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस दारातच तिची परीक्षा घेतो. "काय, ओळखलंत का?" "सांगा पाहू मी कोण!" "अगं, मला विसरलीस की काय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. खूप दिवसांनी भेटलेल्या कुणालाही आपण हेच विचारतो. ज्याची स्मृती शाबूत आहे तो हसून उत्तर देतो, नाहीतर "माफ करा, लक्षात येत नाहीये" म्हणून मोकळा होतो. आईला अल्झायमर आहे, मधल्या टप्प्यातला. तिला यातून मोकळं होता येत नाही.

तिचं काय होतं ते मी शेजारी बसून इतक्या वेळा पाहिलंय की आता मला त्याचा क्रम पाठ झालाय. आधी ती हसते. हे हसणं तोंडापुरतं असतं, डोळ्यांपर्यंत पोचत नाही. मग तिची मान माझ्याकडे वळते. ही मान वळणं मला फार दिवस नुसती सवय वाटत होती. पुढे कळलं की स्मृतिभ्रंश तपासणारे डॉक्टर त्याकडे मुद्दाम लक्ष ठेवतात. प्रश्न रुग्णाला विचारला की उत्तरासाठी तो सोबतच्या माणसाकडे बघतो, हे अल्झायमरमध्ये वारंवार दिसणारं लक्षण आहे. माझ्याकडून काही मिळालं नाही तर आई म्हणते, "हो हो, ओळखलं की! न ओळखायला काय झालं?" किंवा, "तुम्हाला कोण नाही ओळखत?" हे दुसरं वाक्य तर ती इतकं बेमालूम टाकते की पाहुणा खूश होतो आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतो, "मला बरोबर ओळखलं हं त्यांनी."

ओळखलेलं नसतं. पण पुढचा पाहुणा जे म्हणतो तेही खरं नसतं. तो आणखी खोलात शिरतो. "मग नाव सांगा ना माझं!" आता आईकडे पळवाट उरत नाही. ती उठायला बघते, "मला आत जायचंय" म्हणते, कधी चिडते. मग हा पाहुणा हळू आवाजात मला सांगतो, "काहीच ओळखत नाहीत आता." हे तिच्यासमोरच. ऐकू तिला नीट येतं, कानात यंत्र आहे.

या दोन्ही निकालांमध्ये नेमकं काय चुकतं ते मला स्मृती-चिकित्सालयातल्या समुपदेशक बाईंनी समजावलं. आईची तिथे अधूनमधून चाचणी होते. आजचा वार कोणता, वर्ष कोणतं, आपण कुठे आहोत, तीन शब्द सांगते ते थोड्या वेळानं परत सांगा, घड्याळ, पेन दाखवून हे काय ते सांगा. अशा चाचण्यांमधली सर्वांत जास्त वापरात आलेली एक 1975 साली तयार झाली, एकूण 30 गुणांची. तिथे प्रश्न विचारायला कारण असतं. आजार किती पुढे गेला हे ठरवायचं असतं, आणि चुकलं तरी समोरची व्यक्ती परकी असते. बाई म्हणाल्या, "तपासणीच्या खोलीतली ही पद्धत नातेवाईक नकळत घरी घेऊन जातात. आम्ही निदान आधी सांगतो तरी, की आता काही प्रश्न विचारणार आहे."

त्यांनी पुढे जे सांगितलं त्यानं माझं बघणंच बदललं. "ओळखलं का?" हा ऐकायला एक प्रश्न असला तरी त्यात तीन-चार कामं दडलेली असतात. हा चेहरा ओळखीचा वाटतो का, हा माझा कोण, याचं नाव काय, आणि याला मी शेवटचं कधी, कुठे भेटले. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला आणि त्याच्या शेजारच्या भागांना लवकर इजा होते, त्यामुळे नवे प्रसंग साठवणं आणि हवा तो प्रसंग मागितल्यावर बाहेर काढणं अवघड होऊन बसतं. नाव तर निरोगी माणसालाही ऐनवेळी सापडत नाही. पण "हा माणूस आपला आहे" ही नुसती जाणीव नावाच्या आधी येते, आणि नाव गेल्यावरही पुष्कळदा राहते. पाहुणे नाव मागतात. तेच तिच्याकडे नसतं. जे असतं ते दाखवायला आपण वेळच देत नाही.

याच बाबतीतला एक जुना प्रयोग बाईंनी सांगितला. स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांच्या एका रुग्णाला नवं काहीच लक्षात राहत नसे. डॉक्टर रोज भेटत तरी ती दर वेळी त्यांना अनोळखी समजून भेटायची. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. नंतर भेटल्यावर तिनं त्यांना ओळखलं नाहीच, पण त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिनं आपला मागे घेतला. का, हे तिला नीट सांगता येईना. हे त्यांनी 1911 मध्ये छापलं. आज असला प्रयोग कुणी करू देणार नाही, पण त्यातून कळणारी गोष्ट आमच्या घरात मला रोज दिसते. भेट विसरली जाते, भेटीत झालेला त्रास मागे राहतो. 2014 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं रुग्णांना फितीत काय होतं ते फारसं सांगता येईना, पण त्यांचं खिन्न किंवा प्रसन्न वाटणं टिकून होतं. शेजारच्या काकू "मग नाव सांगा ना" करून गेल्या की आई संध्याकाळपर्यंत का धुमसत असते, हे मला त्या दिवशी उमगलं. काकू येऊन गेल्याचं तिला आठवत नाही, म्हणून तिला समजावायलाही काही हाताशी नसतं.

तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाला आधी फोनवर गाठते. आपलं नाव आपण सांगायचं, नातं आपण सांगायचं, विचारायचं काहीच नाही, एवढंच माझं म्हणणं असतं. लोक "हो" म्हणतात आणि दारात येऊन "ओळखलंस का?" विचारतात. जिभेला वळणच तसं आहे. म्हणून नुसतं "विचारू नका" सांगून भागत नाही, त्याऐवजी कोणतं वाक्य बोलायचं ते तयार करून द्यावं लागतं. सर्वांत नीट तयारी झाली ती मामाच्या वेळी, म्हणून त्याचंच सविस्तर सांगते.

मामा आईचा धाकटा भाऊ. लांब राहतो, येणं क्वचितच होतं. मधल्या काळात आईचा आजार बराच पुढे गेला होता. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "बेबी, ताई मला ओळखेल ना गं?" मी म्हटलं, "मामा, ते मला सांगता येणार नाही. पण तू जवळ बसलेला तिला आवडेल, एवढं नक्की सांगते." तो गप्प झाला. त्याला हे पुरेसं नव्हतं हे मला समजत होतं. ओळखलं जावं ही भूक भेटायला येणाऱ्याची असते आणि ती खोटी नाही. पण ती भागवण्याचं काम आजारी माणसाकडे देता येत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

मी त्याला एक गृहपाठ दिला. आई लहान किंवा तरुण असतानाची, दोघांची मिळून अशी एक गोष्ट शोधून ठेव. या आजारात अलीकडचं आधी पुसतं आणि जुनं जास्त काळ टिकतं, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीची सहल उपयोगाची नाही. बरं, गोष्ट हसण्याची हवी. मामानं सायकल निवडली. आईनं त्याला सायकल शिकवली होती, मागून धरून धावत. मग आम्ही वाक्य बसवलं: "ताई, मी बाळू. तुझा धाकटा भाऊ. तुला भेटायला आलोय." पहिल्यांदा हाक, मग घरातलं नाव, मग नातं, मग येण्याचं कारण. कागदावरचं पूर्ण नाव नको, आई ज्या नावानं हाक मारायची तेच. वाक्यं तोकडी, एकेक, मध्ये श्वास घेऊन. आणि "आठवतं का?" हे दोन शब्द कुठेही नाहीत. "आठवतं का, तू मला सायकल शिकवलीस?" ही परीक्षा होते. "तू मला सायकल शिकवलीस" हे नुसतं सांगणं होतं, त्यावर तिनं काही म्हटलं तर उत्तम, नाही म्हटलं तर बिघडत नाही.

वेळ सकाळची ठरवली, अंघोळ होऊन आई ताजी असते तेव्हा. दिवस कलला की ती अस्वस्थ होते, तेव्हा तिला माझंही असणं कधीकधी चालत नाही. आदल्या दिवसापासून "उद्या बाळू येणार" असं मी सांगत नाही. त्यानं ती दर थोड्या वेळानं "कोण येणार?" विचारत राहते आणि दारापाशी खेपा घालते. मामा कोपऱ्यावर पोचल्याचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, "आई, तुझा भाऊ बाळू येतोय." तिचा चष्मा पुसून दिला, कानातलं यंत्र चालू आहे ना ते पाहिलं, टीव्ही बंद केला. तिची खुर्ची अशी ठेवली की येणाऱ्याच्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड पडेल. उजेड पाठीमागून आला तर तिला दारात नुसती काळी आकृती दिसते आणि ती दचकते.

मामाला मी सांगून ठेवलं होतं की तिच्या बाजूनं किंवा मागून जायचं नाही. या आजारात बाजूचं लक्षात यायला वेळ लागतो, कडेनं कुणी अचानक खांद्यावर हात ठेवला तर तो तिला आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तो दारातच थांबला, ती बघेपर्यंत. तिनं पाहिलं तसा त्यानं हात वर केला, हसला, आणि सावकाश समोरून आला. तिच्यासमोर उभं न राहता थोडं बाजूला, ठेंगण्या स्टुलावर बसला, म्हणजे त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीत आले, किंचित खालीच. तळवा वर करून हात पुढे ठेवला. हात घ्यायचा की नाही हे तिच्यावर सोडलेलं. आणि मग, ठरल्याप्रमाणे, "ताई, मी बाळू. तुझा धाकटा भाऊ. तुला भेटायला आलोय."

आणि थांबला. हे थांबणंच लोकांना जमत नाही. तिला ऐकलेलं जुळवून उत्तर तयार करायला वेळ लागतो, आणि आपल्याला ती शांतता सोसवत नाही म्हणून आपण तेच पुन्हा, जास्त मोठ्यानं, वेगळ्या शब्दांत बोलतो. म्हणजे तिनं अर्धवट जुळवलेलं मोडतो. मी मामाला मनातल्या मनात दहा आकडे मोजायला सांगितले होते. तो मोजत होता, ओठ हलताना दिसत होते.

आई म्हणाली, "बाळू शाळेत गेलाय."

मामाचा चेहरा मला आजही दिसतो. सत्तरीतला माणूस, डोक्यावर एक काळा केस नाही. तिच्या मनातला बाळू दहा-अकरा वर्षांचा असणार. म्हणजे नाव ऐकल्यावर तिला बरोबर माणूस आठवला होता, फक्त समोरच्या म्हाताऱ्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. तिच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. अशा वेळी "अगं, मीच बाळू! बघ ना नीट!" म्हणायची ऊर्मी दाटून येते. तसं केलं की तिला दोनच गोष्टी करता येतात, आपण चूक आहोत हे कबूल करणं किंवा समोरचा खोटं बोलतोय असं मानणं. दोन्हींतून भीती निपजते.

मामा म्हणाला, "बाळूला सायकल कोणी शिकवली..." आणि जीभ चावून वाक्य वळवलं, "तूच शिकवलीस म्हणे."

"पडायचा सारखा," आई म्हणाली. "गुडघे फोडून घ्यायचा. आणि नाव माझं सांगायचा."

"फार खोडकर होता का?"

"खोडकर नव्हता हो. धांदरट." आणि ती हसली, या वेळी डोळ्यांसकट.

पुढची पंधरा-वीस मिनिटं दोघं बाळूबद्दल बोलत होते, तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. "खोडकर होता का" हाही प्रश्नच होता, असं कुणी म्हणेल. पण त्याचं चुकीचं उत्तर असूच शकत नाही. ज्या प्रश्नाला बरोबर-चूक असतं तो टाळायचा, आणि जिथे ती काहीही म्हणाली तरी चालतं तो विचारायला हरकत नाही, असा भेद मी मनाशी केला आहे. "हा रंग छान दिसतो तुला, आवडतो?" चालतं. "हा ड्रेस कोणी घेतला सांग?" चालत नाही.

मध्येच आईनं त्याचा पुढे ठेवलेला हात घेतला आणि मग सोडलाच नाही. ती त्याला "अहो, तुम्ही" म्हणत होती. तो उठताना स्टुलाला अडखळला तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "अरे, हळू." नंतर परत "तुम्ही". मामानं बाहेर येऊन विचारलं, "ओळखलं का गं तिनं शेवटी?" मी खरंच सांगितलं की मला माहीत नाही. परक्याचा हात ती इतका वेळ धरत नाही, एवढंच मला माहीत होतं. तो थोडा वेळ खिडकीपाशी उभा राहिला. त्याला दुःख झालं होतं आणि ते तिच्यासमोर दाखवलं नाही याबद्दल मी त्याचे आभार मानले. येणाऱ्यांसाठी बाहेरच्या खोलीत अशी पाच मिनिटं ठेवावीच लागतात. रडायचं असेल तर तिथे.

दुपारी आई झोपून उठली तेव्हा तिच्यासाठी सकाळ नव्हतीच. मामा तयार होता, "सकाळीच नाही का आपण बोललो" असं न म्हणता त्यानं तेच तीन वाक्यांचं बोलणं त्याच आवाजात पुन्हा केलं. या वेळी ती म्हणाली, "हो का? छान केलंत." बस्स. सायकल काढली तर तिचं लक्ष नव्हतं. मग तो नुसता जवळ बसून राहिला, ती चादरीच्या घड्या घालत होती त्यात मदत करत. एका दिवशी काम करणारी युक्ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तासालाही, फुकट जाऊ शकते. ते आपलं अपयश समजून आवाज चढवायचा नाही.

कधी उलटही होतं. आई स्वतःच विचारते, "तुम्ही कोण?" मला, तिच्या मुलीला. याला सरळ उत्तर द्यायचं, "मी बेबी, तुझी मुलगी." आवाजात दुखावल्याचा सूर आला तर तिला कळतो आणि ती माफी मागू लागते, ते फार अवघड जातं. कधी ती मला आक्का म्हणते, आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. ती निवांत असेल तर मी दुरुस्ती करत नाही. पण "हो, मी आक्काच" असंही म्हणत नाही. "मी आहे ना इथे" म्हणते, ते खरं असतं आणि आक्काकडून तिला जे हवं असतं ते बहुतेक तेवढंच असतं. घरात यावरून वाद झाले आहेत. माझ्या भावाला हे फसवणूक वाटतं. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आक्का समजून ती काही कागद माझ्या हातात देऊ लागली, तर मी नक्की सांगेन मी कोण आहे.

भावाचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता. विचारायचंच नाही तर आजार वाढतोय हे कळणार कसं? त्याचं उत्तर असं की मोजायला चिकित्सालय आहे, आणि घरात न विचारताही पुष्कळ कळतं. कोण आल्यावर तिचे खांदे सैल पडतात, कोणाला ती "अरे" म्हणते, कोणाकडे बघून माझ्याकडे मान वळवते, हे मी पाहत असते आणि वहीत लिहून ठेवते. एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी लागते. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीनं सरकतो. काल ओळखीनं हसणारं माणूस आज एकदम कुणालाच जवळ येऊ देत नाही, गुंगीत आहे किंवा भलतंच बरळतंय, नसलेलं काही बघतंय, असं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत घडलं तर ते आजार पुढे जाणं समजून बसायचं नाही. त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, तुंबलेलं पोट असं काहीतरी असू शकतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्याच दिवशी दाखवावं लागतं. आईला एकदा असं झालं होतं. संसर्गावर औषध सुरू झालं आणि ती हळूहळू पूर्ववत झाली. त्या काळात जे भेटायला आले ते "आता संपलंच" असं म्हणून गेले होते.

फोनचं प्रकरण प्रत्यक्ष भेटीपेक्षा अवघड आहे. तिथे चेहरा नाही, हात नाही, नुसता आवाज. आणि फोनवर तर आपण हौसेनं विचारतो, "ओळख पाहू कोण बोलतंय!" मी आता फोन आधी स्वतः घेते, "आई, बाळूमामाचा फोन, तुझा भाऊ" असं सांगून मग तिच्या हातात देते. व्हिडिओ कॉल लावून पाहिला. पडद्यावरचा लहान, हलणारा चेहरा तिला जास्त गोंधळवतो, स्वतःचा कोपऱ्यातला चेहरा पाहून तर "ही कोण बाई?" असं होतं. तो चौकोन झाकायची सोय आहे, ती वापरली तर थोडं बरं चालतं. नातवंडांना मी काहीच शिकवलं नाही. धाकटा येतो, "आजी, मी आलो!" म्हणतो आणि तिच्या शेजारी चित्र काढत बसतो. त्याला ती ओळखते की नाही याचा त्याला पत्ताच नाही, आणि म्हणून त्याची भेट सर्वांत सुरळीत होते.

जुन्या फोटोंचा अल्बम हा मात्र सुधारलेल्या पाहुण्यांचाही अडखळण्याचा दगड आहे. दारात नाव सांगतात, छान बसतात, मग अल्बम उघडतात आणि बोट ठेवून विचारतात, "हे कोण?" परीक्षा नुसती दारातून आत सरकते. अल्बम बघायचाच तर आपण बोलायचं. "ही तू, केस किती लांब होते." मग तिला वाटलं तर ती बोटानं पुढचा चेहरा दाखवते आणि कधी नावही घेते, न मागता.

मावशी अजून विचारते. तिची मोठी बहीण तिला विसरेल हे तिला मान्यच नाही, आणि त्या वयात मी तिला किती शिकवणार. "मावशी, नाव तूच सांग गं आधी," म्हटलं की ती म्हणते, "मी काय परकी आहे, नाव सांगायला?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून ती आली की मी तिच्या एक पाऊल पुढे खोलीत शिरते आणि मोठ्यानं म्हणते, "आई, बघ, तुझी धाकटी बहीण आली." मावशी मागून "ओळखलंस का?" म्हणतेच. पण तोवर आईच्या हातात उत्तर पडलेलं असतं आणि ती सांगते, "बहीण ना तू माझी."